फोटोतली उंची खोटी, लिहिलेल्या तीन बाजू खऱ्या

भूमितीच्या गणिताचे जे फोटो मोबाइलवर फिरत असतात, ते सगळे साधारण एकाच वळणाचे असतात. टेबलावर पुस्तक उघडे, त्याच्यावर तिरका धरलेला फोन, पानाच्या कडेला कुणाचा तरी अंगठा, आणि मध्ये एक त्रिकोण. तिन्ही बाजूंपाशी तीन आकडे लिहिलेले. खाली निरोप: ‘क्षेत्रफळ काढून द्या, उंची दिलेलीच नाही!’ जमिनीच्या कच्च्या नकाशाचेही तेच. वहीच्या कागदावर पेनाने काढलेला तुकडा, टेपने मोजलेले फूट प्रत्येक कडेला टिपलेले, आणि प्रश्न एवढाच की हे किती गुंठे होतील.

शाळेत आपल्या डोक्यात ‘पाया गुणिले उंची भागिले दोन’ इतके घट्ट बसलेले असते की उंची दिसली नाही, की हात आपोआप ती शोधायला लागतो. मग काही जण स्क्रीनवर पट्टी ठेवतात, काही जण फोटोवर बोटाने लंब ओढतात आणि पायाच्या प्रमाणात त्याची लांबी ठरवून मोकळे होतात. पद्धत वरवर शहाणपणाची वाटते. पाया १४ लिहिलेला आहे, स्क्रीनवर तो ७ सेंटिमीटर भरतो, म्हणजे एका सेंटिमीटरला २ असे प्रमाण झाले. उंची ३ सेंटिमीटर भरली, म्हणजे खरी उंची ६. यात चूक कुठे आहे?

चूक फोटोत आहे. एक ठोस त्रिकोण घेऊ: पाया १४, उरलेल्या दोन बाजू १३ आणि १५. याची खरी उंची १२ आहे (ती कशी काढायची ते पुढे येईलच), आणि क्षेत्रफळ ८४. फोन पुस्तकाच्या बरोबर डोक्यावर, पानाला समांतर धरला तर फोटोत हे प्रमाण बरेचसे टिकते. पण आपण खुर्चीत बसून समोरच्या पुस्तकाचा फोटो काढतो, तेव्हा फोन कललेला असतो. तो साठ अंशांनी कलला तर आपल्यापासून दूर जाणारी प्रत्येक लांबी फोटोत निम्मी दिसते. आडव्या लांब्या मात्र जवळजवळ तशाच राहतात. पाया आडवा असल्याने १४ चा १४ च राहिला, उंची १२ ची ६ झाली, आणि क्षेत्रफळ ८४ ऐवजी ४२ आले. पट्टी अचूक, गुणाकार अचूक, उत्तर मात्र निम्मे. शिवाय दूरची कड जवळच्या कडेपेक्षा थोडी लहान दिसते, तो घोळ वेगळाच.

फोटो असा दगा देतोय हे ओळखायची एक सोपी खूण आहे. वरच्या तिरक्या फोटोत १३ लिहिलेली बाजू प्रत्यक्षात साधारण ७.८ एवढी भरेल आणि १५ लिहिलेली १०.८ एवढी. म्हणजे ज्या बाजूवर सगळ्यात मोठा आकडा आहे ती बाजू पायापेक्षा चक्क आखूड दिसते आहे! आकड्यांचा लहानमोठा क्रम आणि चित्रातल्या रेषांचा लहानमोठा क्रम जुळत नसेल, तर चित्र मापाचे नाही असे खुशाल समजावे. दोष दरवेळी कॅमेऱ्याचाच असतो असेही नाही. पुस्तकातल्या पुष्कळ आकृत्या मुळातच कच्च्या असतात, आणि शेतकऱ्याने बांधावर बसून काढलेल्या नकाशात कोन बरोबर असावेत अशी अपेक्षा करणेच चूक आहे. अशा चित्रातून दोनच गोष्टी घ्यायच्या: कोणती रेषा कोणत्या रेषेला जोडली आहे, आणि तिच्यावर कोणता आकडा लिहिला आहे. बाकी सारे सोडून द्यायचे.

आणि तेवढे पुरते. तीन लाकडी पट्ट्या टोकांना खिळे मारून जोडल्या तर त्यांचा एकच त्रिकोण होतो. तो हलवून दुसरा आकार करता येत नाही. घराच्या छपराखाली सुतार कैची बसवतो ती याच भरवशावर. म्हणजे तीन लांब्या ठरल्या की कोन ठरले, कोन ठरले की उंची ठरली, उंची ठरली की क्षेत्रफळ ठरले. उंची ‘दिलेली नाही’ हे तितकेसे खरे नाही. ती तीन बाजूंच्या आत दडलेली आहे, बाहेर काढावी लागते एवढेच.

ती बाहेर कशी काढायची हे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त नेमक्या याच त्रिकोणावर दाखवले आहे. पाया १४, भुजा १३ आणि १५, हे उदाहरण ११५० च्या सुमाराच्या त्या ग्रंथात आहे. (चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे, त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचीही नोंद तिथे आहे. तो शिलालेख विद्वानांसमोर आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.) शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला की पायाचे दोन तुकडे होतात. त्यांना लीलावतीत ‘आबाधा’ म्हटले आहे. लंब माहीत नाही, आबाधाही माहीत नाहीत. पण दोन्ही बाजूंचे काटकोन त्रिकोण तोच लंब वापरतात. म्हणून भुजांच्या वर्गांमधला फरक आणि आबाधांच्या वर्गांमधला फरक एकच असला पाहिजे. लंबाचा वर्ग दोन्हीकडे सारखाच असल्याने वजाबाकीत उडून जातो.

एवढे हाती आले की आकडेमोड तोंडी होते. भुजांची बेरीज २८, फरक २, गुणाकार ५६. त्याला पायाने, म्हणजे १४ ने भागले की ४ येतात. हा आबाधांमधला फरक. दोन तुकड्यांची बेरीज १४ आणि फरक ४, म्हणजे तुकडे ९ आणि ५. आता १५ चा वर्ग २२५, त्यातून ९ चा वर्ग ८१ वजा केला की १४४ उरतात, आणि त्याचे वर्गमूळ १२. हाच तो लंब. दुसऱ्या बाजूनेही पडताळा येतो: १६९ मधून २५ गेले, १४४. क्षेत्रफळ १४ चे निम्मे ७, गुणिले १२, म्हणजे ८४. स्क्रीनवर पट्टी ठेवणाऱ्याला मिळालेली ६ ही उंची कुठे आणि ही १२ कुठे!

हाच सगळा खटाटोप आकड्यांऐवजी अक्षरांनी केला आणि नीट आवरला, की आबाधा आणि लंब दोघेही मधून निघून जातात आणि उरते ते आठवी-नववीच्या पुस्तकातले हेरॉनचे सूत्र. तीन बाजू a, b, c. त्यांची बेरीज करून निम्मी करायची. तिला अर्धपरिमिती म्हणतात आणि s लिहितात. मग

s = (a + b + c) ÷ २
क्षेत्रफळ = √( s × (s − a) × (s − b) × (s − c) )

आपल्या त्रिकोणात १३, १४ आणि १५ ची बेरीज ४२, म्हणून s = २१. आता २१ मधून एकेक बाजू वजा करा: ८, ७, ६. चौघांचा गुणाकार २१ × ८ × ७ × ६ = ७०५६, आणि वर्गमूळ ८४. मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. कॅलक्युलेटर नसेल तर गुणाकार करूच नये, आकडे फोडावेत: २१ म्हणजे ३ गुणिले ७, ८ गुणिले ६ म्हणजे ४८, म्हणजे १६ गुणिले ३, आणि एक ७ आहेच. दोन ७, दोन ३ आणि एक १६. वर्गमुळातून ७, ३ आणि ४ बाहेर येतात, त्यांचा गुणाकार ८४. सात हजारांच्या घरात जाऊन परत यायची गरजच पडत नाही.

विद्यार्थी इथे तीन ठिकाणी हमखास घसरतात. बेरीज निम्मी करायला विसरतात, शेवटचे वर्गमूळ घ्यायला विसरतात, किंवा एखादी वजाबाकी चुकते. वजाबाकीवर पहारा ठेवायची एक फार सुंदर सोय सूत्रातच आहे, आणि ती वर्गात क्वचितच सांगितली जाते: वजाबाकी करून आलेल्या तीन आकड्यांची बेरीज पुन्हा s च आली पाहिजे. ८ + ७ + ६ = २१. बेरीज जुळली नाही तर पुढे गुणाकार करत बसू नये, मागे जाऊन चूक शोधावी.

हे ८, ७ आणि ६ नुसते वजाबाकीचे उरलेसुरले आकडे नाहीत. त्रिकोणाच्या आत, तिन्ही बाजूंना टेकेल असे वर्तुळ काढले, ज्याला आपण अंतर्वर्तुळ म्हणतो, तर ते प्रत्येक बाजूला एका बिंदूत शिवते. त्या बिंदूंमुळे प्रत्येक बाजूचे दोन तुकडे पडतात आणि एका शिरोबिंदूपासूनचे दोन्ही तुकडे सारखे असतात. आपल्या त्रिकोणात हे तुकडे ६, ७ आणि ८ लांबीचे आहेत. ६ आणि ७ मिळून १३ ची बाजू, ६ आणि ८ मिळून १४ ची, ७ आणि ८ मिळून १५ ची. त्या वर्तुळाची त्रिज्या ४ आहे आणि ४ गुणिले २१ म्हणजेही ८४ च. म्हणजे s मधून बाजू वजा करून येते ती खरीखुरी, पट्टीने मोजता येणारी लांबी असते. ती ऋण आली तर त्याचा अर्थ उघड आहे: असा त्रिकोण जगात नाही. ही गोष्ट फोटोतले आकडे वाचताना फार उपयोगी पडते.

त्याआधी सूत्राला ज्याचे नाव मिळाले त्याच्याबद्दल थोडेसे. हेरॉन हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा माणूस. वाफेवर फिरणारा गोळा आणि तऱ्हेतऱ्हेची यंत्रे त्याच्या नावावर आहेत. ‘मेट्रिका’ या त्याच्या मोजमापाच्या ग्रंथात हे सूत्र सिद्धतेसह आहे. हा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. १८९६ मध्ये त्याचे हस्तलिखित कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडले. सूत्र मात्र त्याच्याही आधीचे असावे. अल-बिरुनीने ते आर्किमिडीजचे म्हणून नोंदवले आहे.

हेरॉनने घेतलेले उदाहरण मला १३-१४-१५ पेक्षाही आवडते, कारण ते गुळगुळीत नाही. बाजू ७, ८, ९. अर्धपरिमिती १२, वजाबाक्या ५, ४, ३, गुणाकार ७२०. आता ७२० ला पूर्ण वर्गमूळ नाही, आणि खऱ्या आयुष्यातल्या बहुतेक त्रिकोणांचे असेच असते. हेरॉन सांगतो की जवळचा पूर्ण वर्ग पाहा: २७ चा वर्ग ७२९. आता ७२० ला २७ ने भागा, येतात २६ पूर्णांक २/३. या दोघांची, २७ आणि २६ पूर्णांक २/३ यांची, सरासरी घ्या: २६ पूर्णांक ५/६, म्हणजे २६.८३३. कॅलक्युलेटर सांगतो २६.८३२८. एका भागाकारात आणि एका सरासरीत दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर. हातात फोन नसताना, शेतात कागद-पेन्सिलीवर वर्गमूळ काढायला याहून सोयीची रीत मला ठाऊक नाही.

आता फोटोकडे वळू. सूत्र चुकत नाही, पण त्याच्या पोटात काय टाकले जाते ते चुकते. फोटोत दशांश चिन्ह पुसट होऊन ४.५ चे ४५ होतात. घाईत लिहिलेला १ सात वाटतो, ३ आठ वाटतो. मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळले की आणखीच गोंधळ होतो. आणि जमिनीच्या नकाशात सगळ्यात मोठा सापळा म्हणजे फूट आणि इंच: ‘४०-६’ असे लिहिलेले असेल तर ते ४० फूट ६ इंच, म्हणजे ४०.५ फूट असतात, ते ४०.६ म्हणून कॅलक्युलेटरमध्ये जातात. ४०-१० असेल तर ते ४०.१ नव्हेत, ४०.८३ होतात.

यातल्या काही चुका सूत्र पकडून देते. १३, १४ आणि ४५ असे वाचले तर s होते ३६, आणि ३६ वजा ४५ म्हणजे उणे ९. वर्गमुळाखाली ऋण संख्या आली की कॅलक्युलेटर हात वर करतो, आणि आपणही समजावे की आकडा पुन्हा पाहायला हवा. पण १३ चे १८ वाचले तर? १८, १४, १५ हा अगदी धडधाकट त्रिकोण आहे. s = २३.५, वजाबाक्या ५.५, ९.५ आणि ८.५, त्यांची बेरीजही बरोबर २३.५, आणि क्षेत्रफळ सुमारे १०२. खरे होते ८४. सूत्राने हूं की चूं केले नाही. असा आकडा चित्रावरूनही पकडता येत नाही, कारण चित्र मापाचे नाही हे आपण आधीच मान्य केले आहे. म्हणून संशयित आकडा फोटो पाठवणाऱ्याला विचारून घ्यावा, दुसरा मार्ग नाही.

आणखी एक बारकावा. आकडा कुठल्या रेषेचा आहे ते नीट पाहावे. पुष्कळ आकृत्यांत मध्ये एखादी तुटक रेषा असते, आणि तिच्याजवळचा आकडा बाजूचा आहे की लंबाचा, पूर्ण पायाचा आहे की पायाच्या अर्ध्या तुकड्याचा, हे तिरक्या फोटोत कळत नाही. लंब दिलेलाच असेल तर अर्धपरिमितीच्या वाटेला जाऊ नये; निम्मा पाया गुणिले लंब करून मोकळे व्हावे.

मापातली छोटी चूक उत्तराला किती भोवेल, तेही या वजाबाकीच्या आकड्यांवरून आधी कळते. समजा जमिनीचा त्रिकोणी तुकडा १३०, १४० आणि १५० फुटांचा आहे. क्षेत्रफळ ८४०० चौरस फूट. आता १३० च्या बाजूला टेप मोजताना सहा इंच कमी मोजले गेले, १२९.५ फूट. क्षेत्रफळ येते सुमारे ८३७६. चोवीस चौरस फुटांचा फरक. एवढ्याने कुणाचे काही अडत नाही. दुसरा तुकडा घ्या: १००, ६० आणि ४१ फूट. ६० आणि ४१ मिळून १०१, म्हणजे जेमतेम १०० च्या पुढे. रस्त्याकडेला उरलेली पाचर असते तसा हा लांबट, चपटा त्रिकोण आहे. s = १००.५ आणि वजाबाक्या ०.५, ४०.५, ५९.५. क्षेत्रफळ सुमारे ३४८ चौरस फूट. इथे ४१ ऐवजी ४०.५ मोजले गेले तर? क्षेत्रफळ होते सुमारे २४५. आणि ४१.५ मोजले गेले तर ४२७. टेप अर्धा फूट इकडेतिकडे झाला आणि उत्तर २४५ ते ४२७ च्या मध्ये कुठेही लोंबकळते आहे!

असे का, ते त्या ०.५ वर बोट ठेवले की दिसते. गुणाकारातला एक आकडा अर्धा फुटाचा आहे, आणि आपली मोजण्याची चूकही अर्ध्या फुटाची. त्या आकड्याचे निम्मे जाते किंवा दीडपट होते, आणि वर्गमूळ घेतल्यावरही त्याचा मोठा भाग उत्तरात उतरतो. पहिल्या त्रिकोणात सगळ्यात लहान वजाबाकी ६० होती. अर्धा फूट तिच्यापुढे काहीच नाही. तेव्हा गुणाकाराआधी सगळ्यात लहान वजाबाकीकडे एक नजर टाकावी. ती मोजण्यातल्या संभाव्य चुकीच्या आसपास असेल, तर या त्रिकोणाचे क्षेत्रफळ तीन बाजूंवरून काढायच्या लायकीचे नाही. तिथे जागेवर जाऊन लंबच मोजावा. सर्वेक्षणाच्या पुस्तकांत साखळीने मोजणी करताना त्रिकोणाचा कोणताही कोन ३० अंशांहून लहान ठेवू नये असा दंडक असतो, तो याच कारणासाठी.

जमिनीचा तुकडा त्रिकोणी क्वचितच असतो. चौकोनी तुकड्याचा नकाशा येतो तेव्हा काय करायचे? घ्या एक नकाशा: कडा क्रमाने १३०, १४०, १२० आणि ९० फूट. आपल्याकडे याचा झटपट हिशेब असा होतो: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा आणि गुणा. १३० आणि १२० ची सरासरी १२५, १४० आणि ९० ची ११५, गुणाकार १४,३७५ चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. तेव्हा सव्वातेरा गुंठ्यांना थोडे कमी. व्यवहार ठरतो, हात मिळवले जातात.

ही रीत जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त ती दिली, पण ‘स्थूल’ म्हणून. त्याच ठिकाणी त्याने सूक्ष्म रीतही दिली: चारही बाजूंच्या बेरजेचे निम्मे, त्यातून एकेक बाजू वजा, चौघांचा गुणाकार आणि वर्गमूळ. चौथी बाजू शून्य केली की हेच आपले त्रिकोणाचे सूत्र. स्थूल रीत क्षेत्रफळ कधी कमी दाखवत नाही. तुकडा काटकोनी आयत असेल तेव्हाच बरोबर येते, एरवी जास्तच दाखवते. म्हणजे विकणाऱ्याच्या सोयीची. आपल्या १३-१४-१५ च्या त्रिकोणाला लावली तर १४ गुणिले ७, म्हणजे ९८. खरे ८४.

ब्रह्मगुप्ताची सूक्ष्म रीतही चौकोनाला सरसकट लागत नाही. चारही कोपरे एका वर्तुळावर असतील तरच लागते. भास्कराचार्यांनी हा मुद्दा उचलून धरला. हे सूत्र त्रिकोणाला बरोबर, चौकोनाला नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले, आणि कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे. उत्तर देणारा तर त्याहून मोठा पिशाच! उदाहरण दिले ते चारही बाजू २५ असलेल्या चौकोनाचे. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. त्याच बाजू थोड्या दाबून कर्ण १४ आणि ४८ केले तर ३३६. आणि कोपरे काटकोनी केले तर ६२५. बाजू त्याच. जुनी बाज एका कोपऱ्यात दाबली की कशी तिरकी होते ते ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजवायला नको.

म्हणून वरच्या नकाशात एक आकडा कमी आहे. समजा जागेवर जाऊन एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावला, १३० आणि १४० च्या बाजू ज्यांना जोडतात त्या दोन टोकांमध्ये, आणि कर्ण १५० फूट भरला. आता चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. पहिला १३०, १४०, १५०: क्षेत्रफळ ८४००. दुसरा १५०, १२०, ९०: s = १८०, वजाबाक्या ३०, ६०, ९०, बेरीज १८०, ठीक. गुणाकार १८० × ३० × ६० × ९० = २,९१,६०,०००, वर्गमूळ ५४००. एकूण १३,८०० चौरस फूट, म्हणजे १२.६७ गुंठे. सातबाऱ्यावरच्या मापात साधारण १२.८२ आर. झटपट हिशेबाने ५७५ चौरस फूट जास्त दाखवले होते, अर्ध्या गुंठ्याहून अधिक. सध्याच्या भावात याचा अर्थ काय होतो, ते ज्याने त्याने आपल्या गावचा दर लावून पाहावे.

पाच-सहा कोपऱ्यांचा तुकडाही असाच त्रिकोणांत तोडता येतो. मात्र कर्ण असे निवडावेत की एकही त्रिकोण फार चपटा होऊ नये. ओढ्याची वाकडी कड असेल तर तिला या पद्धतीत जागा नाही. तिथे सरळ रेषा मारून कडेचा भाग वेगळा मोजावा लागतो. उतारावरच्या जमिनीत टेप उतारावर लोळवून मोजला तर लांबी फुगते, कारण नोंदीतले क्षेत्र सपाटीचे धरलेले असते. म्हणून टेप आडवा ताणून, टप्प्याटप्प्याने मोजावा. आणि हा सारा हिशेब आपल्या खात्रीपुरता आहे. हद्दीचा वाद असेल किंवा खरेदीखत करायचे असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करून अधिकृत मोजणी नकाशाच घ्यावा.

तेव्हा कुणाला आकृतीचा फोटो पाठवाल, तर तो वरून सरळ काढा; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक रेषेची लांबी स्वच्छ अक्षरात, फूट आणि इंच वेगळे करून लिहा. आणि तुकडा चौकोनी असेल तर जागेवरून निघण्यापूर्वी एक कर्ण मोजा. तो नंतर फोटोवरून काढता येत नाही.